शनिवारी रात्री फोन करणारा बागमालक

"मी देवगड तालुक्यात राहतो आणि दोन वर्षं आंबा बागायतीवर लेख लिहितो. माझा वाचक मी असा ठरवलाय: वय ३५ ते ६०, पुरुष, रत्नागिरी-सिंधुदुर्ग, आंबा बागायतदार, मोबाइल वापरतो. सात-आठ जणांशी बोलणं झालंय, वाचकांच्या प्रतिक्रियाही बऱ्याच साठल्यात. तरी लेख सरकारी पत्रकासारखेच उतरतात. या सगळ्यातून एक नेमका माणूस उभा कसा करायचा?"

तुम्ही लिहिलेल्या वर्णनात माझ्या ओळखीचे तीन जण सहज बसतात, आणि त्या तिघांचं एकमेकांशी पटत नाही. एक रत्नागिरीजवळ पावस गावात राहतो, रोज सकाळी बागेत फेरी मारतो. दुसरा डोंबिवलीत राहतो, वडिलांची बाग राखणदाराच्या भरवशावर फोनवरून चालवतो. तिसरा असल्या बागा दोन-चार वर्षांच्या कराराने घेतो, पीक काढतो आणि करार संपला की दुसरीकडे जातो. तिघेही पुरुष, तिघेही पस्तीस ते साठमधले, तिघांकडे मोबाइल.

आता समजा झाडाला दरवर्षी मोहोर यावा म्हणून जे देतात त्या कल्टारवर तुम्ही लेख लिहिताय. पॅक्लोब्युट्राझोल हे त्याचं खरं नाव, पण बागेत ते नाव कुणी घेत नाही. पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, झाडाच्या विस्ताराच्या मापाने बुंध्याभोवती मातीत द्यायचं. करारवाल्याला हवं असतं की झाड यंदाही धरावं आणि पुढच्या वर्षीही, कारण त्याची मुदत तेवढीच. डोंबिवलीकराला भीती असते की मापापेक्षा जास्त देऊन हा माणूस माझी झाडं थकवून जाईल. पावसवाल्याला दोन्ही कळतं, त्याला फक्त या वर्षी पाऊस लांबला तर कधी द्यायचं एवढं हवं असतं. तिघांना एकाच वेळी सांगायला गेलात की हातातून एकच वाक्य निघतं: "बागायतदारांनी शिफारशीप्रमाणे योग्य प्रमाणात वापर करावा." पत्रक तिथे जन्माला येतं. भाषा सुधारून ते सुटत नाही, कारण दोष भाषेचा नसतो.

अॅलन कूपर नावाच्या अमेरिकन सॉफ्टवेअरवाल्याने १९८३ च्या सुमारास एक प्रोग्रॅम लिहिताना आधी ओळखीतल्या सात-आठ जणांशी बोलून घेतलं, आणि त्यातल्या कॅथी नावाच्या बाईवरून मनात एक माणूस उभा केला. फिरायला जाताना तो त्या बाईशी मनातल्या मनात बोलायचा, तिच्या तोंडून उत्तरं द्यायचा. काल्पनिक वापरकर्ता समोर ठेवून काम करायची पद्धत पुढे त्यातून रूढ झाली. त्याने ज्या चुकीबद्दल बजावलं ती चूक आपल्या धंद्यात रोज होते. 'वापरकर्ता' हा शब्द मोघम ठेवला की तो रबरासारखा ताणला जातो. मला अवघड लिहायचं असेल तेव्हा माझा वाचक हुशार होतो, मला सोपं लिहायचा कंटाळा आला की तो अनुभवी होतो. तुमचा ३५ ते ६० वाला माणूस रबराचा आहे. त्याने तुम्हाला आजवर एकदा तरी "हे माझ्या कामाचं नाही" असं म्हटलंय का? म्हटलं नसेल, कारण तो म्हणू शकत नाही.

म्हणून वय, गाव, शिक्षण हे आधी बाजूला ठेवा. मी एकच प्रश्न धरतो: लेख वाचून फोन खाली ठेवल्यावर हा माणूस पुढच्या तासाभरात हाताने काय करणार? पावसवाला पंप काढणार. डोंबिवलीकर फोन लावणार. करारवाला हिशेबाची वही उघडणार. हात वेगळे तर लेख वेगळा.

तुमच्याकडच्या सात-आठ मुलाखतींबद्दल मला जरा शंका आहे. त्यांना तुम्ही काय विचारलंत? "तुम्हाला कोणत्या विषयावर वाचायला आवडेल?" असं विचारलं असेल तर त्या मुलाखती बहुतेक वाया गेल्यात. मी पहिल्या वर्षी हेच विचारत फिरलो. एका घरी मला सांगितलं, "सेंद्रियवर लिहा, त्याची फार गरज आहे." पडवीच्या कोपऱ्यात, ते बसले होते त्याच्या मागेच, कीटकनाशकाच्या सात-आठ रिकाम्या बाटल्या रांगेत होत्या. ते खोटं बोलत नव्हते. पाहुण्याला बरं वाटेल असं उत्तर देणं ही आपल्याकडची रीतच आहे. माणसाला मत विचारलं की तो चांगला दिसायला बघतो. घडलेली गोष्ट विचारली की तो आठवायला लागतो, आणि आठवताना चांगलं दिसायचं विसरतो.

म्हणून आता माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मागच्या मोहोराला पहिली फवारणी घेतलीत, तो दिवस कोणता?" उत्तर बहुधा "डिसेंबरात असेल" असं येतं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं. बऱ्याच घरांत फवारणीची, खताची, पेट्या गेल्याची तारीख कॅलेंडरवर पेनाने लिहिलेली असते. ते पान उलटायला सांगितलं की पुढची चाळीस मिनिटं तुम्हाला फारसं विचारावंच लागत नाही. त्या दिवशी फवारायचं हे कशावरून ठरवलंत? आधी कुणाशी बोललात? दुकानात काय मागितलंत, दुकानदाराने काय दिलं? कुठे अडलात? शेवटचा प्रश्न विचारून गप्प राहायचं. अवघड जातं, पण चहा पीत गप्प राहायचं. खरं अडलेलं तिथे बाहेर येतं.

उत्तर लिहून घेताना त्यांचे शब्द जसेच्या तसे घ्या, मालवणी असेल तर मालवणीच. "राखणदार सांगता फवारलंय म्हणान, पण माका थयसून काय दिसता?" हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी गणपतीत एका ओटीवर ऐकलं. वहीत मी ते "मालकाला देखरेखीची अडचण" असं नोंदवलं असतं तर मेलं असतं. 'थयसून', म्हणजे 'तिथून', या शब्दात अख्खा माणूस आहे. तो एरवी बागेपासून शेकडो किलोमीटरवर असतो आणि त्याला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुलाखत ज्याच्याशी ठरली तोच वाचक असेल असं नाही. राजापूरकडच्या एका घरात मी घरच्या मोठ्यांशी तासभर बोललो. आतून सूनबाई मधूनमधून दुरुस्त्या करत होत्या, "ते बारा तारखेला, पंधराला नव्हे." निघताना कळलं की लेख त्याच वाचतात, आणि रात्री जेवणानंतर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणजे ठरवणारा एक, वाचणारी दुसरी. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी विचारतो, "हे पहिल्यांदा कुणाच्या फोनवर आलं?"

किती जणांशी बोलायचं? एका तऱ्हेच्या वागणुकीची चार ते आठ माणसं मला पुरतात. सहाव्याच्या घरी बसल्यावर तो काय सांगणार ते आधीच कळायला लागलं, आणि त्याने तसंच सांगितलं, की थांबायचं. मात्र ते सगळे तुमच्या ओळखीतले, एकाच वाडीतले असतील तर हे लवकर होतं आणि फसवं असतं.

आता प्रतिक्रिया. त्यांच्याबद्दल एक सावधगिरी आधी. २००६ मध्ये वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी मांडलेला ढोबळ ठोकताळा प्रसिद्ध आहे: शंभर वाचकांत नव्वद नुसते वाचतात, नऊ कधीमधी लिहितात, आणि बहुतेक सगळं लिहिणारा एकच असतो. आकडा तंतोतंत धरू नका, पण रोख खरा आहे. तुमच्या प्रतिक्रियांत जे वीस जण पुन्हा पुन्हा दिसतात ते तुमचे वाचक नव्हेत, ते तुमच्या वाचकांतले बोलके लोक. शिवाय प्रतिक्रिया तुम्ही लिहिलेल्यालाच येते. तुम्ही राखणदाराबद्दल कधी लिहिलंच नसेल तर त्याबद्दल कुणी विचारायला येणार नाही. म्हणून मुलाखतींशिवाय नुसत्या प्रतिक्रियांवरून माणूस उभा करू नये.

पण वाचायच्या कशा हे कळलं तर त्यांच्यात सोनं आहे. मी दोन हंगामांतल्या साधारण दोनशे प्रतिक्रिया आणि व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न कागदाच्या चिठ्ठ्यांवर उतरवले. "छान माहिती", "धन्यवाद सर" बाजूला काढले. उरलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या: कधी आली, त्याचा स्वतःचा शब्द कोणता, आणि प्रश्नामागचा प्रश्न काय.

वेळ हा भाग लोक सोडून देतात. माझ्याकडे प्रश्नांचा एक गठ्ठा रात्री साडेनऊनंतर आणि शनिवार-रविवारी येत होता, दुसरा सकाळी सात-आठला. दुसरा गठ्ठा बागेत उभ्या माणसांचा निघाला, त्यात फोटो असायचे आणि प्रश्न एका ओळीचा. पहिल्या गठ्ठ्यात फोटो क्वचित, आणि असला तर दुसऱ्याने काढून पाठवलेला, कोपऱ्यावर 'फॉरवर्डेड' लिहिलेलं. नुसत्या घड्याळावरून दोन माणसं वेगळी झाली.

शब्दांचं सांगायचं तर, मी एका लेखात "तुडतुड्यांचा प्रादुर्भाव" असं सहा वेळा लिहिलं होतं. त्याखाली तिघांनी विचारलं, "झाडाखालची पानं चिकचिक करतात, त्याला काय मारू?" उत्तर लेखातच होतं. पहिल्यांदा मी वैतागलो, लोक वाचत नाहीत म्हणून. मग लक्षात आलं की त्यांनी वाचलं होतं, पण ते वर्णन त्यांच्या झाडाचं आहे हे त्यांना ओळखू आलं नाही. तुडतुडा डोळ्याला सहज दिसत नाही, चिकट पान हाताला लागतं. ज्या प्रश्नाचं उत्तर लेखात असूनही तो विचारला जातो, त्या चिठ्ठीवर मी लाल खूण करतो. वाचकाचा शब्द आणि माझा शब्द कुठे सुटले ते तिथे कळतं.

प्रश्नामागच्या प्रश्नाचं एक उदाहरण देतो. "सर तुमचा नंबर द्या" ही प्रतिक्रिया मला आळशीपणाची वाटायची. नऊ मुलाखतींनंतर पुन्हा वाचली तेव्हा वेगळी दिसली. यातल्या बऱ्याच जणांना औषधाचं नाव नकोच असतं. निर्णय चुकला तर घरात, भावांत, राखणदारासमोर "साहेबांनी सांगितलं होतं" असं म्हणायला कुणीतरी हवं असतं. सामाईक बाग असेल तर हे फारच खरं. चार भावांची बाग, खर्च एक करतो, हिशेब तिघे मागतात.

आता या सगळ्यातून माणूस कसा निघतो. मोठ्या कागदावर चार आडव्या रेघा ओढा. प्रत्येक रेघ म्हणजे वागणुकीतला एक फरक, दोन टोकांमधला. माझ्या चार अशा होत्या: झाड किती वेळा डोळ्याने बघतो, रोज की वर्षातून दोनदा; फवारणीचे पैसे कुणाचे; माल कुठे जातो, वाशीच्या अडत्याकडे की थेट ओळखीच्या गिऱ्हाईकांकडे पेट्या; आणि अडल्यावर पहिला फोन कुणाला. मग ज्यांच्याशी बोललात त्या सगळ्यांना नंबर द्या आणि प्रत्येक रेघेवर त्यांचे ठिपके मांडा. चारही रेघांवर जे नंबर एकमेकांना चिकटून फिरतात, तो एक माणूस.

माझ्या नऊ जणांतले दोन, पाच, सहा आणि नऊ नंबरचे चार जण सगळीकडे एकत्र निघाले. वयं एकेचाळीस ते अडुसष्ट, एक बँकेतून निवृत्त, एक रिक्षावाला, एक शाळेतल्या बाई, एक गॅरेजवाले. तुमच्या वर्णनाने हे चौघे कधीच एका गटात आले नसते. बाई तर 'पुरुष' या शब्दालाच गळल्या असत्या. पण चौघांचीही बाग गावी, राहणं मुंबई-ठाण्याकडे, बागेत नेपाळी राखणदार, पैसे स्वतःचे, आणि आठवड्यातून एक फोन, बहुधा शनिवारी रात्री. चारपैकी तिघांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: फवारलं का असं विचारलं की "हो" येतं, आणि त्या "हो"वर विश्वास ठेवावा की नाही ते कळत नाही.

एक नंबर कुठेच बसला नाही. दापोलीकडचे गृहस्थ, नोकरी सोडून गावी आलेले, सगळं स्वतः वाचून करणारे. पहिल्यांदा मी त्यांना ओढूनताणून एका गटात बसवलं, कारण ते बोलायला फार रंगतदार होते. तसं करू नका. न बसणारा नंबर तसाच राहू द्यावा. पुढच्या हंगामात त्याच्यासारखे आणखी दोघे भेटले तर तो नवा माणूस, नाहीतर तो एकटाच.

त्या चौघांवरून जे पान तयार झालं ते मी सलग गद्यात लिहिलं. तक्त्यात भरलं की माणूस पुन्हा अर्जासारखा दिसायला लागतो. थोडा भाग देतो:

"हे शनिवारी रात्री जेवण झाल्यावर वाचतात. दहा-पंधरा मिनिटांत राखणदाराला फोन करायचा आहे, तो हिंदीत. झाड शेवटचं पाहिलं गणपतीत, आता थेट शिमग्याला. पंप हातात धरत नाहीत, पण औषधाचं बिल तेच भरतात. पालवी म्हणजे काय ते लहानपणापासून माहीत आहे, औषधांची नावं माहीत नाहीत आणि पाठ करायची इच्छाही नाही. भीती दोन: आपल्याला फसवतायत, आणि आपल्यामुळे बापाने लावलेली झाडं जातील. दुसरी भीती बोलून दाखवत नाहीत. 'थयसून काय दिसता.' 'तो हो म्हणतो.' 'फोटो पाठवतो पण त्यातलं मला काय कळतंय.'"

प्रत्येक वाक्याच्या कडेला मी बारीक अक्षरात लिहिलंय ते कुठून आलं: मुलाखत पाच, चिठ्ठी एकशे बारा, असं. ज्या वाक्याच्या कडेला काही लिहिता आलं नाही ते खोडलं. हा नियम मोडला की काय होतं ते मी भोगलंय. माझ्या पहिल्या पानावर मी त्या माणसाला मिशा दिल्या होत्या, भजनाची आवड दिली होती, आणि "मातीपरीक्षणाचं महत्त्व जाणतो" असं एक वाक्यही. मातीपरीक्षण मला महत्त्वाचं वाटत होतं, त्याला नव्हे. वर्षभर तो माणूस माझ्या प्रत्येक लेखाला मान डोलवत राहिला. खरा वाचक कुठेतरी अडतो, कंटाळतो, मधेच सोडतो. पानावरचा माणूस तुमच्या कुठल्याच लेखावर नाराज होत नसेल तर तो तुम्हीच आहात, मिशा लावून.

नाव द्यायचं की नाही? मी हाक मारायला टोपणनाव देतो, 'शनिवारचे काका'. त्यांच्या मागे शाळेतल्या बाईही आहेत हे विसरू नये म्हणून पानाच्या डोक्यावर तसं लिहूनही ठेवलंय. खऱ्या माणसाचं नाव किंवा हुबेहूब तपशील मात्र कधीच नाही. आपल्याकडे "विहिरीजवळची ऐंशी कलमं आणि रिक्षा" एवढं छापलं तरी अख्खी वाडी घर ओळखते, आणि पुढच्या वर्षी त्या ओटीवर तुम्हाला चहा मिळत नाही.

आता या पानाने लेख कसा बदलला ते बघा. मोहोर संरक्षणावरचा माझा जुना परिच्छेद असा होता:

"मोहोराच्या अवस्थेत तुडतुड्यांचा प्रादुर्भाव आढळून आल्यास शिफारस केलेल्या कीटकनाशकाची फवारणी करावी. फवारणी करताना द्रावण मोहोराच्या सर्व भागांवर पोहोचेल याची दक्षता घ्यावी."

यात चूक काहीच नाही. पण शनिवारचे काका इथे काय करणार? त्यांना काही 'आढळून' येऊ शकत नाही, ते डोंबिवलीत आहेत. 'दक्षता' घ्यायला हात बागेत नाहीत. नवा परिच्छेद असा झाला:

"फोन लावायच्या आधी तीन फोटो मागवून घ्या. पहिला एकाच फांदीच्या शेंड्याचा, हातभर अंतरावरून. शेंडा फुगून बोंगा बाहेर पडताना दिसत असेल तर पालवीवरची फवारणी होऊन गेलेली असायला हवी आणि पुढचीची वेळ आली आहे. फुलं उमलून मोहोर भरात असेल तर आज फवारायला सांगू नका, मधमाश्या आणि माश्या कामाला लागलेल्या असतात आणि फळधारणा त्यांच्यावर आहे. दुसरा फोटो झाडाखालच्या पानांचा, आणि त्यांवर बोट फिरवून ती चिकट लागतात का ते सांगायला लावा. तुडतुडे मोहोराचा रस पितात आणि त्यांच्या अंगातून गोडसर चिकट पाणी पानांवर गळतं, पुढे त्यावर काळी बुरशी चढते. तिसरा फोटो रिकाम्या बाटल्यांचा, लेबल वाचता येईल असा. मग फोनवर 'फवारलं का' असं विचारू नका. 'किती पाणी लागलं' असं विचारा, आणि तो आकडा मागच्या फवारणीच्या आकड्याशी ताडून बघा. झाडं तेवढीच आणि पाणी निम्मं, तर अर्धी बाग राहिली आहे."

विज्ञान तेच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक, पालवीपासून सुरू होऊन पुढे साधारण दोन दोन आठवड्यांनी जाणारं, दोन्हींच्या मागे आहे. औषधांची नावं आणि माप मी लेखाच्या तळाशी वेगळं दिलं, राखणदाराला तसंच पुढे पाठवता येईल असं. काकांना ते वाचायचं नाही, पुढे ढकलायचं आहे. हे मला पानावरच्या "नावं पाठ करायची इच्छा नाही" या एका वाक्याने सांगितलं.

पावसवाल्यासाठी हा लेख निरुपयोगी झाला, हे कबूल. त्याला शेंड्याचा फोटो कशाला, त्याच्यासमोर झाड आहे. त्याच्यासाठी दुसरा लेख लिहिला, निम्म्या लांबीचा, अवकाळी पावसानंतर वेळापत्रक कसं सरकवायचं एवढ्यावर. दोघांना एकात कोंबायचा मोह होतो. तो आवरायचा सोपा उपाय म्हणजे मसुदा वाचताना प्रत्येक परिच्छेदापाशी विचारायचं, काका इथे काय करतील? ज्या परिच्छेदाशी ते काहीच करणार नाहीत तो उचलून दुसऱ्या लेखाच्या फाइलीत टाकायचा. फेकायचा नाही, त्याचा माणूस वेगळा आहे एवढंच. गंमत अशी की काकांसाठी लिहिलेला लेख पावसवाल्यांनीही पुढे पाठवला, मुंबईच्या भावाला.

पान बरोबर आहे की नाही हे लेख कितीजणांनी उघडला यावरून कळत नाही. मी दोन गोष्टी करतो. लेख छापायच्या आधी त्या चौघांपैकी एकाला पाठवतो आणि दुसऱ्या दिवशी फोन करून "कसा वाटला" असं न विचारता "राखणदाराला काय सांगितलंत?" असं विचारतो. त्यांनी फोटो मागितले असतील तर लेख पोचला. "बघू या शनिवारी" असं आलं तर नाही पोचला, मग स्तुती कितीही होवो. दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या प्रतिक्रिया. "पण मी तिथे नसतो" अशा अर्थाच्या चिठ्ठ्या कमी झाल्या आणि त्याजागी बारीक प्रश्न यायला लागले ("राखणदार म्हणतो बोंगे सगळ्या झाडांना एकदम नाहीत, मग कोणत्या झाडाचा फोटो मागू?") तर माणूस बरोबर पकडलाय. हा प्रश्न खरोखर आला. आणि तो बरोबर होता, हापूसला मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, एका झाडावरून बाग ठरत नाही. पुढच्या आवृत्तीत तीन झाडं नेमून द्यायला सांगितलं, दरवर्षी तीच.

या पद्धतीला एक मर्यादा आहे, आणि जाहिरातवाले विचारायला आले की ती आठवावी. नऊ जणांशी बोलून तुम्हाला कळतं की असा माणूस आहे आणि तो कसा वागतो. असे किती आहेत ते कळत नाही. नऊपैकी चार, म्हणून चव्वेचाळीस टक्के वाचक परगावी राहतात, असं मी एका बैठकीत बोलून बसलो होतो. तो आकडा मग दोन वर्षं माझ्या मागे फिरत होता.

पान जुनंही होतं. चौघांपैकी एकांनी गेल्या वर्षी बागेत कॅमेरा लावला. आता त्यांना 'दिसता', आणि त्यांचे प्रश्न बदललेत. एकट्याने कॅमेरा लावला म्हणून मी पान बदललेलं नाही, पण कडेला नोंद आहे. आणखी दोघांनी लावला की बसून पुन्हा रेघा ओढणार.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जुन्या मुलाखती फेकू नका. त्यातले ज्यांना पुन्हा फोन करता येईल त्यांना मागच्या फवारणीचा दिवस विचारा, तेवढ्याने निम्म्या मुलाखती जिवंत होतील. एप्रिल-मेत कुणाच्या दारात जाऊ नका, काढणीत कुणाला बोलायला वेळ नसतो आणि तुम्ही पेट्या भरायला लागाल. बाहेरगावचे मालक हवे असतील तर गणपती हा उत्तम काळ, सगळे एका वाडीत सापडतात. फक्त आरतीच्या वेळेला टाळा. गौरी-गणपती पोचवून झाले की दुसऱ्या दिवशी दुपारी जा. घर शांत असतं, परतीच्या गाडीला अजून एक रात्र असते, आणि सकाळीच ते बागेत जाऊन आलेले असतात.